‘संथ पुस्तक नको’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला ‘रणांगण’ कसं सुचवलं

“काहीही दे, फक्त संथ नको.” एवढ्याच सूचनेवर पुस्तक शोधायला निघालं की हात आपोआप रहस्यकथांच्या कपाटाकडे जातो. पहिली चूक तिथेच होते, कारण ‘संथ’ या एका शब्दाखाली माणसं चार वेगळ्या तक्रारी नोंदवत असतात. कुणाला वर्णनं नको असतात, कुणाला पात्रांची खोगीरभरती. कुणाला भाषा जड जाते, तर कुणाला नुसती जाडी बघूनच थकवा येतो. यातली खरी तक्रार कोणती हे कळल्याशिवाय पुस्तकाचं नाव काढण्यात अर्थ नाही.

ती शोधायला मी एकच प्रश्न वापरतो: अर्धवट सोडलेली शेवटची तीन पुस्तकं आठव, आणि प्रत्येक साधारण कितव्या पानावर सोडलंस ते सांग. पुस्तकांच्या नावांपेक्षा पानांचे आकडे जास्त बोलतात. दहा-वीस पानांत सोडलं असेल तर अडचण भाषेची किंवा नावांच्या गर्दीची असते. पन्नास ते ऐंशीच्या दरम्यान सोडलं, तर गाव, घर, नातीगोती सगळं मांडून झालेलं असतं, पण कुणाला काय हवंय आणि ते कधीपर्यंत मिळायला हवं हे अजून कळलेलं नसतं. दोनशेच्या पुढे जाऊन सोडणारा वाचक चिकाटीचा असतो. त्याला पुस्तक संथ वाटलेलं नसतं, ते लांबलेलं असतं.

मैत्रिणीची दोन पुस्तकं साठीच्या आसपास अडकली होती आणि एक तीनशेच्या पुढे. जोडीला एक उलटा प्रश्नही विचारला: काय असलं की तू जागची हलत नाहीस? उत्तर आलं, शेवटच्या पाच षटकांची मॅच आणि कोर्टातली उलटतपासणी. आता दोन्हींत फार काही घडत नाही. मॅचमध्ये तर दोन चेंडूंच्या मध्ये निव्वळ चालणं असतं. पण किती चेंडू उरलेत ते सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे तिला घटनांची रांग नको होती, घड्याळ हवं होतं. आणि तीनशेवाला अनुभव बघता पुस्तक दीडशे पानांच्या आत हवं होतं.

या दोन अटी लावल्यावर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ समोर आली. 1939 साली आलेली ही कादंबरी आवृत्तीप्रमाणे शंभर-सव्वाशे पानांची भरते. ‘अभिजात’, ‘मैलाचा दगड’ अशी विशेषणं तिच्याभोवती इतकी चिकटलेली आहेत की संथ पुस्तकांना घाबरणारा माणूस तिच्या वाटेला जातच नाही. शिवाय विद्यापीठांतून ती अभ्यासाला असते, आणि अभ्यासाला लागलेलं पुस्तक वेगवान असू शकतं यावर आपला विश्वास नसतो. म्हणून मैत्रिणीला ही विशेषणं अजिबात सांगितली नाहीत.

सांगितलं ते एवढंच. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट. तीवर चक्रधर विध्वंस नावाचा एक मराठी तरुण आहे, जो घरी परततोय. त्याच बोटीवर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू निर्वासित आहेत, त्यांत हर्टा नावाची तरुणी आहे. ते दोघं एकमेकांच्या जवळ येतात. त्याला मुंबईला उतरायचंय. तिला तिथे उतरता येत नाही. बोट तिला घेऊन पुढे पूर्वेकडे जाणार. प्रवास जेमतेम दहा-बारा दिवसांचा.

हीच सगळी मांडणी आणि हेच घड्याळ. मुंबई हे शहर कादंबरीभर क्षितिजाखाली असतं आणि बोट रोज त्याच्या जवळ जाते. लेखकाला वेग निर्माण करायला वेगळं काही करावं लागत नाही. इंजीन चालूच आहे. दोन माणसं डेकवर नुसती गप्पा मारत उभी राहिली तरी त्या गप्पांतून वेळ खर्च होत असतो. वाचकाला तो खर्च होताना दिसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला आलेल्या मावसभावंडांना शेवटच्या आठवड्यात जे होतं, तेच, फक्त इथे परतीचं तिकीट नसलेली माणसं आहेत.

नकाशा डोक्यात ठेवला तर हे घड्याळ आणखी स्पष्ट ऐकू येतं. त्या काळी भूमध्य समुद्रातून मुंबईला येणाऱ्या बोटीला पोर्ट सईद गाठून सुएझ कालवा पार करावा लागे, मग लाल समुद्र, आणि एडनजवळून बाहेर पडलं की पुढे थेट अरबी समुद्र. कालवा ओलांडला म्हणजे युरोप मागे पडला. अरबी समुद्रात शिरलं की मधे थांबायला काही उरत नाही. बोटीच्या मुक्कामांची यादी पाठ करायची गरज नाही, पण वाचताना ‘आपण आता कुठे आहोत’ एवढं अधूनमधून स्वतःला विचारत राहावं.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. बेडेकर सिनेमातले माणूस. चित्रपटाचं लेखन-दिग्दर्शन हा त्यांचा व्यवसाय, आणि कादंबरी त्यांनी ही एकच लिहिली. प्रसंग तोडायचा कुठे हे त्यांना ठाऊक आहे. वाक्यं आखूड आहेत. भावना उकळायला लागली की ते झाकण ठेवतात आणि दुसरीकडे बघायला लावतात. 1939 सालच्या मराठी गद्याकडून आपण ज्या अलंकारांची धास्ती घेतलेली असते, ते इथे फारच थोडे सापडतात. साठाव्या पानावर अडकणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने सांगायचं तर साठाव्या पानावर इथे निम्मी कादंबरी संपलेली असते.

आता शेवट न फोडता बोलायचं कसं, हा भाग. लोक समजतात की शेवटी काय होतं एवढं सांगितलं नाही की झालं. तसं नाही. “शेवट सांगत नाही, पण रुमाल जवळ ठेव” हे वाक्य शेवट सांगूनच टाकतं. “शेवट अगदी अनपेक्षित आहे” म्हटलं की वाचक पहिल्या पानापासून जे अपेक्षित नाही ते शोधत बसतो. “अमक्या सिनेमाची आठवण येते” हे तर सगळ्यात वाईट, कारण सिनेमा त्याने पाहिलेला असतो. पुस्तक हातात देताना गंभीर चेहरा करून उसासा टाकणं हीदेखील एक फोडणीच आहे. वास लगेच बाहेर जातो.

म्हणून मी दोन पथ्यं पाळतो. पहिलं, बोलताना फक्त वर्तमानकाळ वापरायचा: कोण आहे, कुठे आहे, काय हवंय, आड काय येतंय. ‘मग’ हा शब्द तोंडात आला की थांबायचं. दुसरं, विशेषणं लावायची ती पुस्तकाच्या चालीला, परिणामाला नाही. ‘आखूड’, ‘धारदार’, ‘कोरडं’ चालेल. ‘हेलावून टाकणारं’ चालणार नाही. वर चक्रधर आणि हर्टाबद्दल जे लिहिलंय ते याच गाळणीतून आलेलं आहे. ते दोघं एकमेकांच्या जवळ येतात हेही सांगावं का, यावर थोडा विचार करावा लागला. शेवटी सांगितलं, कारण ते लपवलं तर पुस्तक कशाबद्दल आहे हेच सांगता येत नाही, आणि कादंबरीसुद्धा ते गुपित म्हणून सांभाळत बसत नाही. तिचा प्रश्न ‘जमेल का’ असा नाही, ‘जमलं तर त्या दहा-बारा दिवसांचं करायचं काय’ असा आहे.

एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवावीच लागते, आणि ती कथानक नव्हे तर काळ. बेडेकरांनी हे रोजची वर्तमानपत्रं वाचणाऱ्या 1939 सालच्या मराठी माणसासाठी लिहिलं. त्यामुळे जर्मनीत काय चाललंय याचा खुलासा करत ते बसत नाहीत. आजच्या वाचकाला छळछावण्या माहीत असतात, पण त्या आधीचा टप्पा बहुधा माहीत नसतो, आणि ही बोट नेमकी त्या आधीच्या टप्प्यावर आहे.

तो थोडक्यात असा. 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीतल्या ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं आणि ज्यू व जर्मन यांच्यातली लग्नं बेकायदा ठरवली. जुलै 1938 मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ या गावी 32 देशांचे प्रतिनिधी निर्वासितांचं काय करायचं यावर बसले. सहानुभूती सगळ्यांनी दाखवली, पण दार उघडायला जवळपास कुणीच तयार झालं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली, दुकानं फोडली गेली, आणि हजारो पुरुषांना छावण्यांत टाकलं गेलं. देश सोडून जाणाऱ्याला सोबत रोख नेता येत ते अवघे दहा मार्क. जाणार कुठे, तर व्हिसा न मागणारं शांघाय हे त्या वेळी उरलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी एक होतं. तिकडे जाणाऱ्या इटालियन बोटी सुएझमार्गे मुंबईवरूनच पुढे जात. मुंबईच्या धक्क्यावर नातेवाइकांना उतरवून घ्यायला जमलेल्या आपल्या लोकांना त्याच बोटीच्या कठड्यावर उभे असलेले हे प्रवासी दिसत असणार. कादंबरीचा मराठीशी असलेला सांधा इथे आहे, तो ओढूनताणून आणलेला नाही.

हे कळल्यावर ‘तिला मुंबईला उतरता येत नाही’ या वाक्याला वजन येतं. नाहीतर आजचा वाचक मनातल्या मनात विचारतो, “अगं, मग उतर ना!” आणि तिथेच घड्याळ बंद पडतं. ज्या वाचकाला अडथळा खोटा वाटतो त्याला पुस्तक संथ वाटू लागतं. त्या वेळी दोष वेगाचा नसतो, माहितीचा असतो.

याच काळामुळे कादंबरीत एक वेगळाच ताणही आला आहे, जो लेखकाने योजलेला असणं शक्यच नव्हतं. ती लिहिली गेली तेव्हा पुढची सहा वर्षं कुणालाच माहीत नव्हती. पात्रं जी भीती बोलून दाखवतात ती आपल्याला अपुरी वाटते, आणि जी आशा धरतात ती वाचताना पोटात गोळा येतो. वाचक पात्रांच्या पुढे असतो, लेखकाच्याही पुढे. नंतरच्या काळात लिहिलेल्या युद्धकादंबऱ्यांना हे साधत नाही, कारण त्यांच्या लेखकांना सगळं माहीत असतं आणि ते कुठेतरी झिरपतंच.

आता अडकायच्या जागा.

पहिली जागा मुखपृष्ठावरच आहे. ‘रणांगण’ हे नाव वाचून ज्याला तोफा, खंदक, आघाड्या हव्या असतात तो फसतो. कथा बोटीवर घडते आणि लढाई माणसांमधली आहे. हे आधीच सांगितलं नाही तर वाचक चाळीस पानं युद्ध सुरू होण्याची वाट बघत बसतो, आणि वाट बघणं म्हणजेच संथपणा. उलट बाजूने ‘प्रेमकथा’ म्हणून पुढे केलं तर बोटीवरच्या इतर प्रवाशांचे वाद, टोमणे, वंश आणि राष्ट्र यांवरची बोलणी वाचकाला मधले खड्डे वाटतात. ते खड्डे नव्हेत. त्या दोघांच्या आड जे काही येतंय ते त्याच बोलण्यांतून वर येतं. म्हणून मी तिला “बोटीवरची गोष्ट” असं म्हणालो. नीरस वाटेल, पण दिशाभूल होत नाही.

दुसरी जागा नायकाच्या मागच्या आयुष्याची. बोटीवर येण्याआधी तो कसा घडला, बायकांबद्दल त्याच्या मनात एवढी कडवट अढी का आहे, हे सांगायला कादंबरी मध्ये मागे वळते. घड्याळाच्या ओढीने वाचणाऱ्याला इथे बोट थांबल्यासारखी वाटते. खरोखरच थांबते, हे मान्य करायला हवं. पुस्तकातला सर्वांत मंद भाग हाच. पण तो गाळू नये. पुढे चक्रधर जे वागतो, आणि विशेषतः जे करायचं टाळतो, त्याचा हिशेब इथल्या मजकुराशिवाय लागत नाही. तिला एवढंच सांगितलं की मागे वळलेला भाग लागला की एका दमात पार कर, तिथे पुस्तक मिटून झोपू नकोस. मागच्या आठवणीत पुस्तक मिटलं की दुसऱ्या दिवशी उघडताना समुद्र परत उभा करावा लागतो, आणि तो कंटाळा पुस्तकाच्या माथी बसतो.

तिसरी अडचण नायक आवडत नाही ही. चक्रधर हुशार आहे, तिरकस आहे, आणि बऱ्याचदा असह्य आहे. स्त्रियांविषयीची त्याची शेरेबाजी आज वाचताना चीड येते. चीड येऊन पुस्तक बाजूला ठेवणारे पुष्कळदा “फार रेंगाळतं” असं कारण देतात, कारण ते सोपं असतं. ओळखायची खूण अशी: पान उलटायला कंटाळा येतोय की या माणसाचं तोंड बघायला? दुसरं असेल तर वाचत राहायला हरकत नाही. लेखक त्याची बाजू घेत नाही. ‘विध्वंस’ हे आडनाव मराठीत खरोखर असतं, पण शेकडो आडनावांतून तेच निवडणाऱ्या माणसाला आपल्या नायकाबद्दल गैरसमज असेल असं वाटत नाही.

चौथी अडचण छापील प्रतीची. या पुस्तकाबद्दल समीक्षकांनी इतकं लिहिलंय की कुठलाही लेख उघडला तरी पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात शेवट पडलेला असतो. समीक्षकांचं बरोबरच आहे, ते पुस्तक वाचलेल्यांशी बोलत असतात. पण आपल्याला ते नको. प्रतीत प्रस्तावना असेल तर ती सरळ ओलांडावी आणि शेवटाला वाचावी. मलपृष्ठ उलटून बघू नये. इंटरनेटवर नाव शोधू नये, कारण थोडक्यात सांगितलेलं कथानक तिथे सर्वांत वर येतं. ग्रंथालयातली प्रत घेतली तर परीक्षेला बसलेल्या कुणीतरी समासात पेन्सिलीने ‘महत्त्वाचे’, ‘शोकात्म?’ असं काहीबाही लिहून ठेवलेलं असतं. मी तिला देण्याआधी प्रत चाळून अशा दोन जागा खोडरबराने पुसल्या. फार जुनी आवृत्ती मिळाली, तर 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीचे जास्तीचे अनुस्वार दिसतील. पहिली पाच पानं ते डोळ्यांना टोचतात, पुढे दिसेनासे होतात. तेवढ्यावरून भाषा जड आहे असं ठरवू नये.

वेळेचा अंदाज असा. मराठी छापील पानाला दीड ते दोन मिनिटं धरली तर सव्वाशे पानांना तीन ते सव्वाचार तास लागतात. रोज दहा पानं असा बेत या पुस्तकाला मारक आहे. बारा दिवसांचा प्रवास बारा दिवसांत वाचला की घड्याळ ऐकूच येत नाही. दोन बैठकी पुरतात. पहिली किमान साठ-सत्तर पानांची हवी, म्हणजे बोट, माणसं आणि नायकाचा मागचा भाग एकाच बैठकीत मार्गी लागण्याची शक्यता वाढते. दुसरी त्याच्या दुसऱ्याच दिवशी, आणि तिला मागे काही काम ठेवू नये. पुणे-मुंबई रेल्वेचा जाऊन-येऊन प्रवास या हिशेबात जवळजवळ बसतो, फक्त येताना शेजारी ओळखीचं माणूस नसलेलं बरं.

आणि कुणाला देऊ नये तेही सांगतो. ज्याला वेग म्हणजे कोडं हवं, कोणी केलं आणि कसं केलं याचा उलगडा हवा, त्याच्या हाती हे देण्यात अर्थ नाही. इथे लपवलेली वस्तू नाही. सगळं पहिल्यापासून डेकवर उघडं पडलेलं असतं. तसंच ज्याने तीनपैकी तीन पुस्तकं दहाव्या पानावर सोडली आहेत, त्यालाही हे नको. त्याची तक्रार नावांची आहे, आणि बोटीवर परकी नावं लवकर येतात. तसा वाचक असेल तर निदान हर्टा आणि चक्रधर ही दोनच नावं लक्षात ठेव, बाकीची माणसं बोलू लागली की आपोआप वेगळी होतात, एवढं सांगून बघावं.

पुस्तकासोबत तिला गेलेली चिठ्ठी अशी होती: “बोटीवरची गोष्ट. सव्वाशे पानं. नायक डोक्यात जाईल, जाऊ दे. मध्ये एकदा मागे वळते, तिथे मिटू नकोस. सुरुवातीची पाच-सात पानं प्रस्तावनेची आहेत, त्यांना स्टेपलर मारलाय. संपल्यावर पिना काढ.”